दिवसभर मेसेज करणारा ज्युनियर आणि पहिल्यांदाच झालेला मेंटॉर

प्रश्न: "ऑफिसने मला पहिल्यांदाच मेंटॉर केलंय. माझा ज्युनियर हुशार आहे, पण दिवसभर मेसेज करतो. मी लगेच उत्तर देते, तरी तसाच प्रश्न दोन दिवसांनी परत येतो. हल्ली रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही फोन येतात, मॅनेजरच्या तक्रारीही माझ्याकडेच. त्याला दुखवायचं नाहीये, पण माझं काम मागे पडतंय. किती ऐकायचं, किती सांगायचं आणि थांबवायचं कुठे?"

"लगेच उत्तर देते" आणि "तसाच प्रश्न परत येतो" ही दोन वाक्यं तुम्ही लागोपाठ लिहिली आहेत. माझ्या मते सगळी गोम त्या दोघांच्या मधे आहे. त्याला दर वेळी उत्तर मिळतं, पण उत्तरापर्यंत पोचायचा विचार तुमच्या डोक्यातच राहतो. मग प्रश्न जरासा बदलून समोर आला की तो पुन्हा तुम्हालाच विचारतो. तुमचं उत्तर दोन मिनिटांत मिळत असेल तर स्वतः अर्धा तास डोकं खाजवण्यात त्याला तरी काय अर्थ वाटणार? म्हणून ऐकणं आणि मर्यादा घालणं हे मी दोन वेगळे प्रश्न धरत नाही. नीट ऐकायला सलग वेळ लागतो, आणि तो मिळवायचा तर दिवसभराची ये-जा कमी करावीच लागते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बघून घ्या. तो कामाला लागून महिनाही झाला नसेल तर भरपूर प्रश्न येणं साहजिक आहे. त्या काळात सढळ हाताने सांगा. त्याचं अप्रेझल तुमच्या हातात असेल तर तो तुमच्याशी कधीच पूर्ण मोकळं बोलणार नाही, आणि खालचं बरंचसं लागू पडणार नाही. त्याच्या कामात चूक झाली तर कोणाला इजा होईल किंवा मोठं नुकसान होईल अशी स्थिती असेल, तर "तुला काय वाटतं?" विचारत बसू नका, सरळ सांगा. मी इथे असं धरून चालतोय की त्याचा मॅनेजर वेगळा आहे, काम रोजचं ऑफिसचं आहे आणि तो दोन-तीन महिने जुना आहे.

पहिलं काम त्याच्याशी बोलायचं नाही, मोजायचं आहे. मागच्या आठवड्यातले त्याचे सगळे मेसेज वर-खाली करून बघा आणि त्यांचे तीन ढीग करा. पहिला ढीग नुसत्या माहितीचा: फाइल कुठे असते, परवानगी कोणाकडून घ्यायची, कोणता फॉर्म भरायचा. दुसरा निर्णयाचा: हे आधी करू की ते, असं लिहू की तसं. तिसरा माणसांचा आणि मनाचा: मॅनेजर असं बोलले, मला जमत नाहीये, सगळे माझ्यापेक्षा पुढे आहेत. या तिन्हींना तुम्ही आत्ता बहुधा एकच वागणूक देताय, म्हणजे झटपट उत्तर. पहिल्या ढिगाला ती योग्यच आहे. "फाइल कुठे आहे?" याला "तू कुठे कुठे शोधलंस?" असा उलटा प्रश्न टाकणारे मेंटॉर मी पाहिले आहेत, समोरच्याला त्याचा फक्त वैताग येतो. माहितीचे प्रश्न वारंवार येत असतील तर एक सामायिक कागद उघडा, उत्तर तिथे लिहा आणि पुढच्या वेळी त्यानेच त्यात भर घालायची असं ठरवा. दोन-तीन आठवड्यांत हा ढीग निम्मा होतो. खरं ऐकायचं काम दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाचं आहे, आणि ते मेसेजवर होत नाही.

आता त्याच्याशी बोलायचं. मेसेज लिहून मर्यादा कळवू नका, वाचताना त्या शिक्षेसारख्या वाटतात. अर्धा तास ठरवून समोरासमोर बसा, किंवा निदान फोनवर बोला. त्याने नुकतंच काही विचारून त्रास दिलाय त्याच दिवशी हे बोलणं काढू नका. सुरुवात अशी करता येईल: "तुझे प्रश्न मला नीट ऐकायचे आहेत. सध्या मी कामाच्या मधेच घाईत उत्तरं देते आणि त्याचा तुला पुरेसा उपयोग होत नाहीये. म्हणून आपण वेळ बांधून घेऊ." यात खोटं काही नाही, आणि दोषही त्याच्या माथी जात नाही.

मग नेमकं काय ठरवायचं? माझ्या पद्धतीत तीन वाटा असतात. पहिली, बसून बोलायची ठरलेली वेळ: पहिले दोन महिने दर आठवड्याला ३० मिनिटं, नंतर दर पंधरवड्याला ४५. विषय त्याने आणायचा, आदल्या दिवशी दोन ओळींत कळवायचा. दुसरी, रोजची एक छोटी खिडकी, समजा दुपारी चार ते सव्वाचार. मधल्या काळात अडलं तर त्याने मेसेज लिहून ठेवायचा आणि तुम्ही त्या वेळेत एकत्र बघायचे. त्या मेसेजमध्ये तीन ओळी हव्यात: काय करायचा प्रयत्न आहे, आतापर्यंत काय करून पाहिलं, नेमकं कुठे अडलं. पाठवण्याआधी स्वतः अर्धा तास झटापट करायची. ही तीन ओळींची अट दिसते साधी, पण ओळी लिहिता लिहिताच बऱ्याच प्रश्नांचं उत्तर त्याला सापडतं आणि मेसेज जातच नाही. तिसरी वाट तातडीची, आणि 'तातडी' म्हणजे काय हे शब्दांत ठरवा: जे एकदा झालं की मागे घेता येणार नाही, किंवा बाहेरचं कोणीतरी आत्ता या क्षणी खोळंबून बसलंय. एवढ्यालाच फोन. संध्याकाळी सातनंतर आणि सुट्टीच्या दिवशी बाकी काहीही असलं तरी दुसऱ्या कामाच्या दिवशी.

हे सांगून झालं की खरी परीक्षा तुमची असते. पहिल्या आठवड्यात मेसेज बहुतेक वाढतील, कारण जुनी सवय चालतेय का हे माणूस नकळत तपासून बघतो. अशात एखाद्या रात्री दहाला "एवढंच आहे, सांगून टाकू" म्हणून तुम्ही उत्तर दिलंत, तर गाडी पूर्वीपेक्षाही मागे जाते. कधी मिळतं, कधी मिळत नाही अशा गोष्टीचा नाद सुटायला सगळ्यात अवघड असतो; रोज मिळणारी गोष्ट बंद झाली तर माणूस लवकर सोडून देतो, पण अधूनमधून मिळणारीचा पिच्छा पुरवतो. म्हणून नियम सैल ठेवायचाच असेल तर आधीच सैल ठेवा, सातऐवजी आठ म्हणा, पण मग आठ म्हणजे आठ. रात्री उत्तर सुचलंच तर लिहून ठेवा आणि सकाळी जाईल असं लावा. तुम्ही स्वतः रात्री अकराला त्याला "हा लेख बघ" म्हणून काही पाठवत असाल तर तेही थांबवा. नियम एकतर्फी असला की टिकत नाही.

आता त्या बांधलेल्या वेळेत ऐकायचं कसं, ते एका उदाहरणावरून बघू. समजा तो म्हणतो:

"मॅडम, माझे रिपोर्ट वेळेत होतच नाहीत. मॅनेजर शेवटच्या दिवशी बदल सांगतात."

इथे तोंडावर सल्ला तयार असतो: कामांची यादी कर, आधी सुरुवात कर, त्यांना स्पष्ट सांग. समोरच्याची अडचण दिसली की ती दुरुस्त करायला हात शिवशिवतातच. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये संवादाची एक पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. तिच्यात समुपदेशकाने आधी स्वतःची ही ऊर्मी आवरायची असते, कारण बाहेरून सल्ला आला की माणूस "हो, पण…" म्हणत आपलीच आधीची बाजू लढवू लागतो. ऑफिसात वेगळं काही होत नाही. तुमच्या सल्ल्याला लागोपाठ दोनदा "हो, पण" आलं तर समजा की तुम्ही लवकर बोललात.

त्याऐवजी हा संवाद असा जाऊ शकतो.

"शेवटच्या दिवशी बदल येतात आणि सगळं कोसळतं, असं?"

"हो. म्हणजे… मागच्या वेळी तर तिघांनी वेगवेगळं सांगितलं."

"तिघांनी. मागच्या रिपोर्टचं सांग ना, पहिल्या दिवसापासून काय काय झालं?"

"सोमवारी काम आलं. गुरुवारपर्यंत मी सगळं लिहून काढलं. शुक्रवारी सकाळी पाठवलं आणि मग बदल सुरू झाले."

इथे थांबा. मनात तीन आकडे मोजा. शिक्षणक्षेत्रात मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधली ही शांतता मोजली होती: शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी साधारण एकच सेकंद थांबत, आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होत. समोरासमोर बसल्यावर तीन सेकंद फार मोठे वाटतात, पण पुढचं वाक्य बऱ्याचदा त्यातूनच येतं:

"…म्हणजे गुरुवारपर्यंत कोणी काही पाहिलंच नव्हतं, हेही आहे."

"अर्धवट दाखवायचं कसं वाटतं तुला?"

"नको वाटतं. त्यांना वाटेल याला काहीच येत नाही."

आता खरी अडचण बाहेर आली. तुम्ही आधीच "यादी कर" म्हणाला असतात तर त्याने यादीही केली असती आणि रिपोर्ट पुन्हा शुक्रवारीच दाखवला असता. वेळेचं नियोजन त्याला जमत होतं, कच्चं काम दाखवायची भीती अडवत होती.

या संवादात तुम्ही काय केलंत ते बघा. त्याचंच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत परत दिलंत, "तिघांनी" हा त्याचा शब्द उचललात, 'नेहमी' असं मोघम बोलणं एका ठरावीक आठवड्यावर आणलंत, आणि गप्प बसलात. 'का' मात्र एकदाही विचारलं नाही. "आधी का नाही दाखवलंस?" हे आपल्याकडे प्रश्न म्हणून ऐकलंच जात नाही, शाळा-घरापासूनच्या सवयीने ते रागावणं वाटतं आणि माणूस सफाई द्यायला लागतो. "काय झालं", "कसं ठरलं", "तेव्हा तुझ्या डोक्यात काय होतं" असं विचारा. दुसरी पळवाट म्हणजे प्रश्नाचा वेश घातलेला सल्ला: "तू मॅनेजरशी बोलून बघितलंस का?" शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी हा सल्लाच आहे, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

मग सल्ला द्यायचाच नाही का? द्यायचा, तुम्हाला त्याचसाठी नेमलंय. नुसते प्रश्न विचारत राहणारा मेंटॉर तितकाच निरुपयोगी. फक्त क्रम लक्षात ठेवा. आधी त्याला काय सुचतंय ते विचारा. मग "मला दोन-तीन मार्ग माहीत आहेत, सांगू?" अशी परवानगी घ्या आणि एकापेक्षा जास्त पर्याय द्या, कारण एकच पर्याय दिला की तो हुकूम होतो. शेवटी "यातलं तुझ्या टीममध्ये काय चालेल?" असं पुन्हा त्याच्याकडे सोपवा. वरच्या उदाहरणात पर्याय असे निघतील: मंगळवारी फक्त मुद्द्यांची एक पानी रूपरेषा मॅनेजरला दाखवायची, किंवा बदल कोणी, कधी, काय सांगितले याचा छोटा तक्ता ठेवायचा आणि दोघांचं जुळत नसेल तर तो मॅनेजरसमोर ठेवायचा, किंवा काम घेतानाच विचारायचं की हा रिपोर्ट कोण वाचणार आणि वाचून काय ठरवणार. त्याने रूपरेषा निवडली, असं धरू. "बरं, मंगळवारी दुपारपर्यंत पाठवशील? अडलं तर काय अडेल?" एवढं विचारून उठायचं. पुढच्या भेटीची सुरुवात याच मंगळवारच्या रूपरेषेपासून करायची. एका भेटीतून एकच पाऊल. पाच ठरवलीत तर एकही होत नाही, आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला टाळायला लागतो.

रूपरेषा तुम्ही लिहून देऊ नका. तो स्क्रीन तुमच्याकडे वळवेल, कीबोर्ड पुढे करेल; हात मागे ठेवा. तपासून देणंही एकदाच, आणि ओळीओळीची दुरुस्ती न करता दोन ठळक गोष्टी सांगून.

मॅनेजरच्या तक्रारींचं थोडं वेगळं आहे. त्या ऐकून घेणं तुमच्या कामात बसतं, न्याय करणं बसत नाही. तुम्ही एकच बाजू ऐकलेली असते, शिवाय "हो, त्यांचं असंच आहे" हे तुमचं एक वाक्य चार दिवसांत तुमच्या नावासकट फिरून येतं. दहा मिनिटं मोकळं बोलू द्या, "याचा तुला त्रास झालेला दिसतोय" म्हणा, आणि मग विचारा: "यातलं त्यांना काय माहीत असायला हवं, आणि ते तू कसं सांगशील?" हवं तर ते वाक्य तुमच्यासमोर म्हणून बघू द्या. निरोप मात्र तुम्ही नेऊ नका. एकदा नेलात की तुम्ही दोघांमधल्या कायमच्या पोस्टमन झालात. उलट बाजूने मॅनेजर विचारतील, "काय, कसा आहे तो?" यासाठी उत्तर आधीच ठरवून ठेवा आणि त्यालाही सांगून ठेवा: आम्ही भेटतो की नाही एवढं मी सांगेन, काय बोलतो ते त्यालाच विचारा.

मात्र "तू बोललेलं मी कोणालाच सांगणार नाही" असं सरसकट वचन कधी देऊ नका. पहिल्याच भेटीत अपवाद सांगा: छळ किंवा लैंगिक त्रास, पैशांची अफरातफर, कोणाच्या सुरक्षिततेला किंवा जिवाला धोका. अशी गोष्ट निघाली तर ती योग्य ठिकाणी जाईल, आणि नेण्याआधी मी तुला सांगेन. हे आधी सांगितलेलं असलं तर नंतर विश्वासघात वाटत नाही.

घरच्या अडचणी, मन खचणं वगैरे निघालं तर ऐका, पण उपचार तुमच्याकडे नाहीत हे लक्षात असू द्या. झोप उडून आठवडे झालेत, भेटीत वारंवार रडू येतंय, कामावर यायचीच भीती वाटतेय, असं दिसलं तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जाण्याबद्दल बोला. ऑफिसात तशी सोय असेल तर त्याच बैठकीत नंबर काढून द्या. जगावंसं वाटत नाही असं काही त्याच्या बोलण्यात आलं तर आडून विचारू नका, स्पष्ट विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. अशा वेळी सातनंतरचा नियम लागू नाही, त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी जाणकार मदतीपर्यंत पोचवायचं. हे ओझं एकट्या मेंटॉरने वाहायचं नसतं. आणि हो, पैसे उसने देऊ नका. त्यानंतरची प्रत्येक भेट त्या पैशांभोवतीच फिरते.

हे सगळं लागू पडतंय की नाही हे कसं ओळखायचं? भेटीनंतर तीन ओळी लिहून ठेवा: त्याने काय आणलं, कोणतं पाऊल ठरलं, ते वाक्य कोणाच्या तोंडून आलं. तिसरी ओळ सगळ्यात जास्त सांगते. शिवाय कोण किती बोललं याचा अंदाज घ्या. निम्म्याहून जास्त वेळ तुमचाच आवाज असेल तर पुढच्या भेटीत पहिली दहा मिनिटं फक्त विचारायचं, सांगायचं नाही असं बंधन घाला. सहा-आठ आठवड्यांत त्याच्या प्रश्नांचं रूप पालटायला हवं. "काय करू?" ऐवजी "मी असं करणार आहे, काही सुटतंय का?" येऊ लागलं की बसलं म्हणायचं. मेसेज एकदम शून्य झाले तर मात्र खूश होऊ नका. तो दुखावला असेल, किंवा दुसऱ्या कोणाला तरी पकडलं असेल. पुढच्या भेटीत विचारा: "वेळ बांधून घेतल्यापासून कसं चाललंय? कुठे अडून बसलास का?" हो म्हणाला तर रोजची पंधरा मिनिटं वाढवून वीस करा. रात्रीची वेळ उघडू नका.

शेवटी मुदत. मेंटॉरिंगवरच्या अभ्यासात कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्ये या नात्याचे जे टप्पे मांडले त्यात वेगळं होणं हाही एक टप्पा आहे, पण ऑफिसात तो कोणी ठरवत नाही आणि नातं नुसतं विरत जातं. सहा महिने म्हणून ठरवा, तिसऱ्या महिन्यात दोघांनी मिळून आढावा घ्या: काय उपयोगी पडतंय, काय बदलायचं. महिनाभर नियम नीट पाळूनही रात्रीचे फोन थांबले नाहीत तर तेच शब्द पुन्हा न उगाळता, ज्यांनी तुम्हाला मेंटॉर नेमलं त्यांच्याशी बोला. कदाचित त्याला कामाचं रीतसर प्रशिक्षण हवं असेल, कदाचित त्याच्यावरचा भारच जास्त असेल, आणि यातलं काहीही तुमच्या ४५ मिनिटांतून सुटणारं नाही. जोडी बदलायची वेळ आली तर ते आधी त्याला सांगा, मग वर कळवा.